रात्रीचा भात आणि सकाळची फोडणी

*रात्री उरलेला भात आमच्याकडे कुकरच्या डब्यातच झाकून ओट्यावर राहतो आणि सकाळी सासूबाई त्याला फोडणी देतात. गेल्या मे महिन्यात तोच भात खाऊन माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. चार-पाच वेळा झाल्या, ताप नव्हता, संध्याकाळी पोरगा खेळायला गेला. यजमानांच्या डब्यात तोच भात होता, त्यांना काही झालं नाही. सासूबाई म्हणतात, चाळीस वर्षं हेच खातोय. लंडनला असलेली बहीण म्हणते, भात पुन्हा गरम करणं म्हणजेच विष. खरं काय? हा कुठला जंतू, आणि कढईत चांगला परतला तर तो मरत नाही का?*
*— नाव नको, डोंबिवली*

ताई,

रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्यायचा. फोडणीने तो खाण्याजोगा होत नाही. तोच भात रात्री वेळेवर गार करून फ्रीजमध्ये गेला असेल तर सकाळी बिनधास्त परता. दोष गरम करण्याचा नाही, रात्रभराच्या त्या तासांचा आहे. बहिणीला हे कळवा. ती राहते तिथली अन्नसुरक्षा यंत्रणासुद्धा 'भात पुन्हा गरम करू नका' असं सांगत नाही. शिजल्यावर शक्यतो तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवा, चोवीस तासांत संपवा आणि एकदाच गरम करा, इतकंच त्या यंत्रणेचं म्हणणं आहे. तोंडातोंडी या तीन अटी गळून गेल्या आणि नुसती भीती उरली.

जंतूचं नाव बॅसिलस सेरियस. 'सेरियस' म्हणजे मेणासारखा. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याच्या वसाहती मेणाचे थेंब पडल्यासारख्या निस्तेज, खडबडीत दिसतात, त्यावरून हे नाव पडलं. पहिल्यांदा १८८७ मध्ये त्याचं वर्णन झालं, तेव्हा तो सापडला होता गोठ्यातल्या हवेत. मुळात तो मातीतला रहिवासी. भाताच्या खाचरात तो असतोच, तिथून साळीवर येतो आणि गिरणीतून निघालेल्या तांदळाबरोबर तुमच्या डब्यात. तांदूळ कोलम असो, इंद्रायणी असो नाहीतर महागातला बासमती, त्यात फरक पडत नाही. तीन पाण्यांनी धुतला तरी थोडे उरतातच.

आता तुम्ही म्हणाल, तांदूळ तर आपण उकळतो. इथेच या जंतूची खरी खुबी आहे. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो. त्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. साधा जंतू उकळत्या पाण्यात बघता बघता मरतो, पण बीजाणूंतले काही चिवट शंभर अंशांतूनही वाचतात. कुकरमध्ये तापमान शंभरच्या वर जातं, त्यामुळे उघड्या पातेल्यापेक्षा तिथे जास्त मरतात हे खरं. पण सगळे मेले असं धरून चालणं नको. शिवाय झाकण उघडल्यावर डाव, हात, ओट्यावरची धूळ यांतून नवे येतातच. आणि गंमत अशी, की शिजवण्याच्या आचेने या बीजाणूंची झोपच मोडते. आचेचा दणका बसला की ते कवच फोडून उगवायच्या तयारीला लागतात. आजूबाजूला ओलसर, पिष्टमय भात असतो आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू नुकतेच शिजून मेलेले असतात.

तुमच्याच घरची रात्र घेऊन हिशेब मांडू. साडेआठला भात झाला, साडेनऊला पानं वाढली, दोन वाट्या उरला, डब्यावर झाकण पडलं. अकराच्या सुमारास भात चाळीस अंशांखाली आला असं धरू. बीजाणू उगवून जंतू वाढीला लागायला आणखी तासभर. म्हणजे मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत त्यांना मोकळे सात तास मिळाले. एका ग्रॅम भातात सुरुवातीला शंभर जंतू होते असं समजू. ते दर तासाला दुप्पट झाले, तर सातला एका ग्रॅममध्ये सुमारे तेरा हजार होतात. दर चाळीस मिनिटांनी दुप्पट झाले, तर दीड लाखाच्या आसपास. आणि दर अर्ध्या तासाला झाले, तर सोळा लाखांवर. ज्या अन्नाने लोक आजारी पडले, त्यात सहसा ग्रॅममागे लाखाच्या वर जंतू सापडतात.

सासूबाईंच्या चाळीस वर्षांचं उत्तर या आकड्यांत आहे. डबा तोच, भात तोच, ठेवायची जागा तीच, आणि तरी एका रात्री तेरा हजार तर दुसऱ्या रात्री सोळा लाख. थंडीत डिसेंबरच्या रात्री स्वयंपाकघर वीस अंशांवर असेल, तर हे जंतू फार रेंगाळत वाढतात. मे महिन्यात डोंबिवलीत रात्री दोन वाजता ओट्यावर तीस अंश असतं, आणि त्यांना आवडतं तेच तापमान. त्यातही सगळ्या बॅसिलस सेरियसना उलटीचं विष करता येत नाही. ती कला त्यांच्यातल्या थोड्याच वाणांकडे असते. त्या रात्री तो वाण डब्यात असायला हवा, पुरेसा वाढायला हवा, आणि खाणाराही नाजूक हवा. चाळीस वर्षं हे जुळून आलं नाही, किंवा आलं तेव्हा 'पित्त झालं' म्हणून आवळासुपारी खाऊन निभावलं. माझ्या आजोळी सकाळच्या उलटीला पित्ताशिवाय दुसरं कारणच नसे.

फोडणीचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळी फसगत तिथे होते. कढईत तेल तडतडलं, मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे पडले, भात खमंग परतला, वाफ काढली. यात जिवंत जंतू मरतात, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण रात्रभर वाढताना ते भातात जे सोडून गेलेत, ते मरत नाही, कारण ते जिवंत नाहीच. ते रसायन आहे, आणि त्याला सेरुलाइड म्हणतात. बारा घटक एकमेकांना जोडून झालेलं एक लहानसं कडं अशी त्याची रचना, आणि त्या गोल बांधणीमुळे ते अतोनात टिकाऊ. १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी ते टिकल्याची नोंद आहे. तुमची कढई पाच मिनिटं आणि मायक्रोवेव्ह दोन मिनिटं, त्यांनी त्याला काय होणार? पोटातलं आम्ल आणि पाचक रसही त्याला मोडू शकत नाहीत. ते पोटात पोचलं की उलटीचा इशारा मेंदूकडे नेणारी नस चाळवतं, आणि अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात.

वास घेऊन कळेल का, असं पुढचं पत्र येण्याआधीच सांगते. कळणार नाही. भात आंबूस लागला, तारा सुटल्या, बोटाला बुळबुळीत लागला, तर तो टाकायचाच, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्याच जंतूंचं काम असतं. सेरुलाइडला वास नाही, चव नाही. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. एकदा एका मुंजीतला मसालेभात आमच्याकडे आला होता, पाहुण्यांना उलट्या झाल्या म्हणून. डबा उघडला तर गोडा मसाला आणि तुपाचा असा वास, की आमच्यातला एक जण म्हणाला, जेवायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी बशीत गुलाबी वसाहती आणि प्रत्येकीभोवती दुधाळ कडं, म्हणजे जंतू वाढवायला बशीत ओततो त्या माध्यमावर बॅसिलस सेरियसची ठरलेली खूण. चौकशी केली तर भात पहाटे चारला उतरवून मोठ्या टोपांत झाकून ठेवलेला आणि दुपारी एकला वाढलेला.

टोप मोठा असला की काय होतं, हे मी नंतर घरी करून पाहिलं. दीड किलोच्या आसपास शिजलेला भात, खोल पातेलं, वर झाकण, मधोमध थर्मामीटर खुपसलेला. दोन तासांनीही आत साठच्या जवळ, चार तासांनी पंचेचाळीसच्या आसपास, आणि सहा तासांनी कुठे चाळिशीच्या खाली. वरून हात लावला तर गार. साठच्या वर हा जंतू वाढत नाही, पाचच्या खाली ठेवला तरी त्याची वाढ जवळजवळ थांबते. मधला सगळा पट्टा धोक्याचा, आणि खोल भांड्यातला भात त्या पट्ट्यातून अगदी सावकाश, रमतगमत उतरतो. तोच भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरून पंख्याखाली ठेवला, तर अर्ध्या तासात खोलीइतका गार झाला.

जगाला या विषाची ओळखही परतलेल्या भातातूनच झाली. १९७१ पासून इंग्लंडमध्ये चिनी खाणावळींतला फ्राइड राइस खाऊन लोकांना तासा-दोन तासांत उलट्या होऊ लागल्या. तिथली पद्धत अशी, की भात आदल्या संध्याकाळी ढिगाने उकळायचा आणि रात्रभर तसाच बाहेर ठेवायचा. कारण गार होऊन सुकलेला भात परतताना मोकळा राहतो. फ्रीजमध्ये ठेवायला आचारी नाखूश असत, गोळे होतात म्हणून. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं की अंडं आणि भात कढईत झर्रकन परतायचा. भांडी आणि जिन्नस वेगळे, बाकी तुमच्या ओट्यावर चालतं तेच. १९७४ मध्ये तिथल्या संशोधकांनी हा सगळा प्रवास मोजून छापला. भात उकळला तरी बीजाणू वाचतात, बाहेर ठेवल्यावर वाढतात, आणि झटपट परतण्याने प्रश्न सुटत नाही. सेरुलाइड वेगळं काढून त्याची रचना कळायला मात्र १९९० चं दशक उजाडलं.

या जंतूचा दुसराही एक अवतार आहे, जुलाबाचा. त्यात विष भातात तयार होत नाही. जंतू जिवंत पोटात जातात आणि आतड्यात ते तयार करतात. म्हणून त्याला वेळ लागतो, सहा ते पंधरा तास. नॉर्वेतल्या स्टाइनार हाउगे यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हे स्वतःवरच करून पाहिलं. ऑस्लोच्या रुग्णालयांत व्हॅनिला सॉस खाऊन लोक आजारी पडले होते. त्यांनी त्यातला जंतू ताज्या सॉसमध्ये वाढवला आणि पेलाभर प्याले. तेरा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब. हा प्रकार नीट गरम केल्याने बऱ्याच अंशी टळतो, कारण तिथे जिवंत जंतू लागतात. 'चांगलं गरम केलं की झालं' हा समज या अवतारापुरता बराचसा खरा आहे. उलटीच्या अवताराला तो लागू नाही.

आता तुमच्या मुलाचं. दोन तासांत उलट्या, ताप नाही, संध्याकाळपर्यंत बरा. हे चित्र सेरुलाइडशी चांगलं जुळतं. वडिलांना काही झालं नाही म्हणून भात निर्दोष ठरत नाही. विषाचा परिणाम शरीराच्या वजनावर ठरतो. सहा वर्षांचं मूल वीस किलोच्या आत-बाहेर, वडील सत्तर किलोचे. तेवढ्याच भाताने मुलाला किलोमागे साडेतीन पट विष मिळालं. पण भातावर शिक्कामोर्तबही मी करणार नाही. हातावरचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतूही अन्नात असंच उष्णतेला दाद न देणारं विष करतो आणि त्यानेही एक ते सहा तासांत उलट्या होतात. कुणाच्या बोटावर चिघळलेली जखम असेल आणि त्याच हाताने भात मोकळा केला असेल, तर तो संशयित. मुलांमधली पोटाची साथही असते. उरलेला भात तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, आणि तो आता राहिलेला नाही. पण दोन्ही जंतूंना लागतात ते तासच, त्यामुळे तुमच्या घरचा उपाय बदलत नाही.

पुन्हा असं झालं तर उलटी थांबल्यावर दहा मिनिटांनी चमचा-चमचा ओआरएस द्या. एकदम पेला तोंडाला लावला की परत बाहेर येतं. बहुतेक जण चोवीस तासांत बरे होतात. घोटभर पाणीही टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, मूल सुस्त पडत असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर वाट बघू नका, रुग्णालय गाठा. सेरुलाइड क्वचित यकृतावर जातं. २००८ मध्ये ब्रसेल्समधल्या एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री तो दगावला. पाच दिवस आणि एक रात्र यांत अंतर आहे, फोडणीच्या भाताने घाबरून जावं म्हणून हे सांगत नाही. पण गरम करून ते विष गेलं नाही, हे त्यात दिसतं.

तर रात्री काय करायचं? पानं वाढून झाली की उरलेला भात डब्यातून काढून ताटात किंवा परातीत पसरा, वर जाळी किंवा पातळ फडकं टाका आणि पंखा लावा. मागचं आवरून होईपर्यंत तो गार होतो. मग पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये. 'गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली तर फ्रीज बिघडतो' या नावाखाली डबा रात्रभर बाहेर राहतो असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. कोमट भाताने फ्रीजचं काही बिघडत नाही, दोन वाट्यांनी तर नाहीच. शिजल्यापासून दोन तासांच्या आत तो आत गेला पाहिजे, आणि मे महिन्यात तासाभरात गेला तर बरं. म्हणजे तुमच्या घरी जेवण उशिरा होत असेल तर उरणार हे दिसताच थोडा भात आधीच काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढून वाफ येईपर्यंत गरम करा. परत उरला तर परत फ्रीजमध्ये नको.

सासूबाईंना हे जंतूच्या नावाने पटेल असं मला वाटत नाही. चवीच्या वाटेने जा. फ्रीजमधला भात कडक होतो ही त्यांची तक्रार असेल, आणि ती खरी आहे. शिजलेलं पिष्ट गार झालं की आवळून बसतं. पण फोडणीच्या भाताला हवा असतो तो हाच सुटा, कोरडा भात. फोडणीत टाकण्याआधी हाताने मोडा, चमचाभर पाण्याचा हबका मारा, वर झाकण ठेवून एक वाफ काढा. गरम ओट्यावर घाम येऊन गिच्च झालेल्या भातापेक्षा तो खूप मोकळा होतो.

ओडिशातलं पखाळ आणि बंगालातला पांता भात रात्रभर बाहेरच असतो, मग ते कसं चालतं, असं कुणी विचारेल. तिथे भात पाण्यात बुडवून मुद्दाम आंबवतात. आंबवणारे जंतू आम्ल तयार करतात आणि पुरेशा आंबट पाण्यात बॅसिलस सेरियस वाढू शकत नाही. कोरड्या भाताला हे संरक्षण नाही. पण तिथेही आंबटपणा चढायला काही तास जातात, त्यामुळे मूळ भात शिळा असेल तर नंतर पाणी घालून तो सुधारत नाही.

राहिला यजमानांचा डबा. सकाळी सातला भरलेला भात दुपारी एकला खाल्ला जातो, म्हणजे आणखी सहा तास. फ्रीजमधला भात वाफाळता गरम करून लगेच घट्ट बंद केला, आणि तो गरमपणा धरून ठेवणारा डबा असेल, तर चालेल. साध्या स्टीलच्या डब्यात उन्हाळ्यात मी तरी पोळी-भाजीच देईन, भात घरी आल्यावर.